लिंकच्या शेपटीत अडकलेले लॉगिन

देवळाबाहेर चपला सांभाळणारा माणूस चेहरा लक्षात ठेवत नाही. तो हातात नंबराचा बिल्ला देतो आणि जो बिल्ला आणून दाखवेल त्याला त्या चपला देतो. संकेतस्थळांचा सर्व्हरही असाच वागतो, कारण वेबची मूळ भाषा असलेल्या एचटीटीपीमध्ये प्रत्येक विनंती स्वतंत्र असते आणि मागच्या क्षणी पासवर्ड कोणी टाकला हे पुढच्या विनंतीला माहीत नसते. म्हणून सर्व्हर एक लांबलचक, अंदाज करता येणार नाही असा क्रमांक तयार करतो, तो ब्राउझरला देतो आणि पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत परत मागतो. हेच सेशन टोकन. पासवर्ड एकदाच तपासला जातो. त्यानंतर ओळख पटते ती या बिल्ल्यावरून.

बिल्ला ठेवण्याची नेहमीची जागा म्हणजे कुकी. ही सोय १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू मॉन्टुली यांनी आणली. पण काही लोक कुकी बंद ठेवत असत आणि काही जुन्या मोबाइलना कुकी सांभाळता येत नसे. त्यांच्यासाठी हा क्रमांक थेट वेबपत्त्यातच लिहिण्याचा आडमार्ग निघाला. जावावर चालणाऱ्या संकेतस्थळांवर असा पत्ता पुढीलप्रमाणे दिसतो (दुकानाचे नाव काल्पनिक आहे):

```
https://dukan.example/cart;jsessionid=9F3A7C0E51B24D8896E1A0C7D4F2B35E?item=214
```

यातला `item=214` हा भाग फक्त कोणती वस्तू ते सांगतो. `jsessionid` नंतरची बत्तीस अक्षरे मात्र ग्राहकाचा बिल्ला आहेत. पीएचपी या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेतल्या संकेतस्थळांवर त्याच कामासाठी `PHPSESSID` असे नाव दिसते.

आता समजा, एका ग्राहकाने लॉगिन करून एक साडी पाहिली आणि वरचा पत्ता जसाच्या तसा उचलून मैत्रिणीला पाठवला. मैत्रिणीने लिंक उघडताच तिच्या ब्राउझरने तीच बत्तीस अक्षरे सर्व्हरला दिली. सर्व्हरने आपल्या नोंदीत तो क्रमांक शोधला, तो पहिल्या ग्राहकाच्या खात्याचा निघाला, आणि त्याने तेच खाते उघडून दिले. मैत्रिणीला आता ग्राहकाचे नाव, घरचा पत्ता आणि जुन्या ऑर्डरी दिसतात. पैसे देण्यासाठी पुन्हा पासवर्ड किंवा ओटीपी मागितला जात नसेल तर खरेदीही करता येते. यात तिने काहीही फोडलेले नाही, केवळ लिंक उघडली आहे. एचटीटीपीएसचे कुलूपही इथे उपयोगी पडत नाही, कारण ते वाटेतल्या चोरापासून वाचवते आणि इथे पत्ता ग्राहकाने स्वतःच दिलेला असतो.

हे कुकी चालू असतानाही घडू शकते, आणि मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. पहिले पान पाठवताना ब्राउझर कुकी स्वीकारेल की नाही हे सर्व्हरला माहीत नसते, म्हणून काही सर्व्हर कुकीही देतात आणि त्या पानावरच्या लिंकनाही टोकन जोडतात. कुकी परत आली की पुढच्या पानांवरून ते नाहीसे होते. त्या पहिल्या पानावरची लिंक लॉगिन करण्यापूर्वी पाठवली असेल, तर ती निरुपद्रवी वाटते. परंतु लॉगिननंतर संकेतस्थळाने जुना क्रमांक बदलला नाही, तर आधी पाठवलेली तीच लिंक नंतर उघड्या खात्यात नेऊन सोडते. म्हणूनच लॉगिन होताच नवा क्रमांक द्यावा, असा नियम चांगले प्रोग्रामर पाळतात.

अशा सेशनला मुदत असते. टॉमकॅट या प्रचलित सर्व्हरवर ती मुळात ३० मिनिटांची असते, पण शेवटच्या वापरापासून मोजली जाते. त्यामुळे लिंक मिळालेली व्यक्ती अधूनमधून एखादे पान उघडत राहिली, तर मुदत पुढे ढकलली जाते.

पीएचपीने ५.३ या आवृत्तीपासून टोकन फक्त कुकीतूनच घ्यावे अशी मूळ मांडणी ठेवली, तरी जुनी संकेतस्थळे अजून चालू आहेत. प्रत्येक लांब पत्ता मात्र धोक्याचा नसतो: `utm_source` किंवा `fbclid` सारखे भाग वाचक कुठून आला याच्या नोंदीसाठी असतात, लॉगिनसाठी नाही. शंका असेल तर तीच लिंक ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडून पाहावी, कारण तिथे नेहमीच्या कुकी नसतात. तरीही आपले नाव दिसले, तर लॉगिन पत्त्यातून जात आहे.

अशी लिंक चुकून गेली असेल, तर संदेश पुसून काम भागत नाही, आणि टॅब बंद करूनही नाही, कारण नोंद सर्व्हरकडे असते. खात्यातून लॉगआउट करावे आणि मग ती जुनी लिंक खासगी खिडकीत पुन्हा उघडावी. लॉगिनचे पान आले तर सर्व्हरने बिल्ला रद्द केला आहे. नाव अजूनही दिसत असेल, तर लॉगआउटने केवळ आपल्या ब्राउझरमधली कुकी पुसली आहे आणि सेशन तसेच जिवंत आहे. अशा वेळी खात्याच्या सेटिंगमध्ये ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय असल्यास तो वापरावा, नसल्यास संकेतस्थळाच्या ग्राहकसेवेला ते सेशन बंद करायला सांगावे.