अमॉर्टायझेशन (अमूर्त मालमत्तेची किंमत वर्षावर्षाने खर्ची टाकणं)

सॉफ्टवेअरचं लायसन्स, पेटंट अशा हाताला न लागणाऱ्या मालमत्तेची किंमत तिच्या उपयोगी आयुष्यावर वाटून दरवर्षी थोडी थोडी खर्चात टाकतात, त्याला अमॉर्टायझेशन म्हणतात. मशीनच्या बाबतीत हेच केलं की तो घसारा. गणित सारखंच दिसतं, पण मशीन झिजतं आणि लायसन्सची मुदत संपते, सगळा फरक इथूनच सुरू होतो.

भोसरीतल्या एखाद्या प्रायव्हेट लिमिटेड वर्कशॉपचं उदाहरण घेऊ. सीएनसी मशीन ३० लाखांचं. कंपनी कायदा २०१३ च्या शेड्यूल २ प्रमाणे साधारण मशिनरीचं आयुष्य १५ वर्षं धरतात आणि शेवटी ५ टक्के, म्हणजे दीड लाख, भंगार किंमत म्हणून बाजूला ठेवतात. उरले साडेअठ्ठावीस लाख, त्याला १५ ने भागलं की वर्षाला १ लाख ९० हजार घसारा. वर्षभर डबल शिफ्ट चालवली तर तो ५० टक्क्यांनी वाढून २ लाख ८५ हजार होतो, कारण मशीन तेवढं जास्त घासलं जातं.

आता त्याच मशीनसाठी प्रोग्राम बनवायचं सॉफ्टवेअर, ३ वर्षांचं लायसन्स, ६ लाख, १ ऑक्टोबर २०२४ ला चालू झालं. इथे भंगार किंमत साधारणपणे शून्य, कारण मुदत संपल्यावर ते विकत कोण घेणार! मार्च २०२५ पर्यंत सहाच महिने झाले म्हणून १ लाख, पुढची दोन वर्षं २-२ लाख आणि शेवटी उरलेला १ लाख. शिफ्ट कितीही चालवा, हा आकडा हलत नाही.

चुका होतात त्या बिलात. लायसन्सबरोबर वर्षाचं एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, एकाच बिलात येतं आणि पूर्ण रक्कम मालमत्तेत टाकली जाते, खरं तर एएमसी त्या त्या वर्षाचाच खर्च. आणि सीएनसीच्या कंट्रोलरमध्ये जे सॉफ्टवेअर बसवूनच येतं, ज्याच्याशिवाय मशीन चालूच होत नाही, ते वेगळं काढायचं नाही, ते मशीनच्याच किमतीत आणि मशीनच्याच घसाऱ्यात जातं.

पेटंटचं जरा जपून करावं लागतं. भारतात पेटंट २० वर्षांचं, पण मोजायचं अर्ज केल्याच्या तारखेपासून. आठ वर्षं जुना अर्ज असलेलं पेटंट विकत घेतलं तर कायद्याने हातात १२ वर्षंच उरतात. त्यातही एएस २६ हे लेखा मानक म्हणतं की भक्कम पुरावा नसेल तर १० वर्षांपेक्षा जास्त आयुष्य धरू नका, आणि पेटंट ज्या पार्टचं आहे तो सहा वर्षांत बाजारातून जाईल असं वाटत असेल तर सहाच धरायची. आयुष्याचा हा अंदाज दरवर्षी निदान मार्चअखेरीस तरी परत बघायचा, चौथ्या वर्षी कळलं की ऑर्डर अजून एकच वर्ष येणार, तर उरलेली सगळी किंमत त्या एका वर्षात जाते, मागची वर्षं उघडायची नसतात.