सोन्याचा भाव वाढला की कोणते साठे परवडतात? ग्रेड आणि कट-ऑफ ग्रेडविषयी ग्राहकांसाठी माहिती

आमच्या प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल हाती पडला की बहुतेक ग्राहक एकच प्रश्न विचारतात: एवढ्या ग्रेडचा दगड आजच्या भावाला परवडेल का? अहवालातला आकडा एक टन दगडात किती ग्रॅम सोने आहे एवढेच सांगतो. तो दगड खणून काढण्याजोगा आहे की नाही, हे कट-ऑफ ग्रेडवर ठरते, आणि हा आकडा कोणत्याही प्रयोगशाळेला दगडातून काढता येत नाही, कारण तो खर्च, भाव आणि रिकव्हरी यांच्या हिशेबातून येतो.

हिशेब साधा आहे. एक टन दगड खणणे, वर आणणे, दळणे, त्यातून सोने वेगळे करणे आणि कार्यालयीन खर्च भागवणे यांची बेरीज करावी. तिला एका ग्रॅमच्या भावाने आणि रिकव्हरीने, म्हणजे दगडातल्या सोन्यापैकी जेवढा भाग प्रत्यक्ष हाती येतो त्याने, भागावे. समजा एका भूमिगत खाणीत टनामागे ६,००० रुपये खर्च येतो, रिकव्हरी ९० टक्के आहे आणि भाव ग्रॅमला ५,००० रुपये आहे. तर एका ग्रॅमपाठी हाती ४,५०० रुपये येतात आणि कट-ऑफ १.३३ ग्रॅम प्रति टन पडतो. भाव १०,००० रुपये झाला आणि बाकी काहीच बदलले नाही, तर तोच कट-ऑफ ०.६७ वर उतरतो. प्रत्यक्षात मात्र बाकीचेही बदलते. डिझेल, वीज, स्फोटके, पोलाद आणि मजुरी वाढतात आणि रॉयल्टी तर सोन्याच्या भावाच्या टक्केवारीतच आकारली जाते. टनाचा खर्च ९,००० रुपयांवर गेला, तर कट-ऑफ १ ग्रॅमवरच अडकतो. भाव दुप्पट झाला म्हणून कट-ऑफ निम्मा झाला, असे गृहीत धरून केलेले अंदाज आमच्या पाहण्यात वारंवार येतात, आणि ते जवळजवळ नेहमीच आशावादी असतात.

कट-ऑफ उतरला की साठ्याचे काय होते, हे याच उदाहरणात पुढे पाहू. १.३३ ग्रॅमच्या कट-ऑफला त्या खाणीत सरासरी ३ ग्रॅमचा २० लाख टन दगड होता, म्हणजे ६ टन सोने. कट-ऑफ १ ग्रॅमवर आल्यावर, आधी ज्याला टाकाऊ म्हणत होतो असा सरासरी १.१५ ग्रॅमचा ८ लाख टन दगड त्यात येऊन मिळतो. आता साठा २८ लाख टनांचा झाला, त्यातले सोने सुमारे ६.९ टन झाले आणि सरासरी ग्रेड २.४७ वर घसरली. दगड ४० टक्क्यांनी वाढला, सोने मात्र १५ टक्क्यांनी. खाणीची गिरणी वर्षाला २ लाख टनच दळू शकत असेल, तर पूर्वी वर्षाला ५४० किलो सोने हाती येत होते, आता सुमारे ४४५ किलो येईल. खाणीचे आयुष्य मात्र १० वर्षांवरून १४ वर्षे होईल. म्हणजे भाव चढत असताना खाणीचे वार्षिक उत्पादन चक्क घटू शकते. दक्षिण आफ्रिकेत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. १९७० मध्ये औंसाला ३५ डॉलरच्या आसपास असलेला भाव १९८० मध्ये ६०० डॉलरच्या वर गेला, आणि त्याच काळात तिथले उत्पादन सुमारे १,००० टनांवरून ६७५ टनांच्या आसपास उतरले. त्याचे एक प्रमुख कारण हे की खाणी त्याच गिरण्यांतून पूर्वीपेक्षा हलक्या ग्रेडचा दगड दळू लागल्या होत्या.

म्हणून एखाद्या साठ्याला भाववाढीचा किती फायदा होईल हे पाहताना सरासरी ग्रेडपेक्षा जुन्या कट-ऑफच्या लगेच खाली किती दगड पडून आहे हे पाहावे. जिथे कमी ग्रेडचे सोने रुंद पट्ट्यात पसरलेले असते, तिथे कट-ऑफ थोडा हलला तरी साठा झपाट्याने फुगतो. जिथे सोने अरुंद शिरेत असते आणि शिरेबाहेरचा दगड जवळपास कोरा असतो, तिथे भाव कितीही वाढला तरी भर पडायला फारसे काही उरलेले नसते. अशा शिरांबाबत आणखी एक सावधगिरी हवी. ०.३ मीटर जाडीच्या शिरेचा नमुना १२ ग्रॅम दाखवतो, पण माणसाला आणि यंत्राला काम करायला १.२ मीटर रुंदी लागत असेल, तर बाजूचा कोरा दगडही सोबत निघतो आणि गिरणीत प्रत्यक्षात ३ ग्रॅमचाच माल पोहोचतो. कट-ऑफशी तुलना या ३ ची करायची असते, १२ ची नाही.

आता कोलारकडे पाहू, कारण भाव वाढला की तिथली खाण पुन्हा सुरू होणार का, असे आम्हाला सतत विचारले जाते. सुमारे १२० वर्षे चाललेली ही खाण २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय भाव सरासरी औंसाला २७० डॉलरच्या आसपास होता, काम ३ किलोमीटरहून अधिक खोल गेले होते आणि दगडाची ग्रेड सुरुवातीच्या दशकांच्या मानाने फारच खालावली होती. त्या खोलीवर गरम खडकाला थंडावा देणे, पाणी उपसणे, दगड वर ओढणे आणि खडक अचानक फुटण्याच्या धोक्यापासून आधार उभारणे या सगळ्याचा खर्च टनामागे इतका असतो की कट-ऑफ भाव वाढूनही उंचच राहतो. त्यातच बंद खाणीत पाणी भरलेले असल्याने, पहिला टन वर येण्याआधीच मोठी रक्कम घालावी लागते.

मात्र त्याच कोलारच्या पृष्ठभागावर सायनाइड प्रक्रियेनंतर टाकलेल्या बारीक मालाचे, म्हणजे टेलिंगचे, डोंगर उभे आहेत. तो माल सुमारे ३.३ कोटी टन आहे, आणि जून २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने असे १३ ढीग पुन्हा उपसण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला संमती दिली. या मालात टनाला एक ग्रॅमही सोने नाही. तरीही त्याचा विचार होतो, कारण तो खणण्याचा, वर आणण्याचा आणि दळण्याचा खर्च मागच्या पिढ्यांनी भरून टाकला आहे. समजा उरलेल्या प्रक्रियेला टनामागे २,५०० रुपये लागतात आणि भाव १०,००० रुपये आहे. ९० टक्के रिकव्हरीला कट-ऑफ ०.२८ ग्रॅम येतो. पण एकदा प्रक्रियेतून गेलेल्या मालात उरलेले सोने बहुधा अतिसूक्ष्म किंवा सल्फाइड खनिजांत अडकलेले असते. रिकव्हरी ५० टक्क्यांवर आली तर तोच कट-ऑफ ०.५ ग्रॅम होतो आणि ०.७ ग्रॅमच्या मालात मिळणारा नफा बारीक होऊन जातो.

या सर्व गणितात आज बाजारात दिसणारा भाव घालू नये. खाण उभी राहायला अनेक वर्षे लागतात, म्हणून साठ्याचे अहवाल बाजारभावापेक्षा सावध भाव धरून तयार करतात. कोणाचाही अहवाल वाचताना त्यात कोणता भाव आणि किती रिकव्हरी धरली आहे हे आधी शोधावे. रिकव्हरी मात्र फायर असेने कळत नाही, कारण ती चाचणी नमुन्यातले एकूण सोने मोजते. त्यासाठी सायनाइड विरघळण चाचणी स्वतंत्रपणे करावी लागते. आपला नमुना १ ग्रॅमच्या आसपासचा असेल, तर त्या चाचणीसाठी पुरेसा माल पहिल्या खेपेलाच सोबत पाठवावा, आणि नमुना शिरेच्या किती जाडीतून घेतला हे पिशवीवर न विसरता लिहावे.