कमाई अनियमित, मग अग्रिम कर कसा मोजायचा?

"त्या तिमाहीत जेवढे पैसे आले, तेवढ्यावरच अग्रिम कर भरायचा ना?"

नाही. टप्पे वर्षभराच्या एकूण कराचे असतात: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत १००. हप्ता कमी पडल्यास लागणारं व्याजही तुमच्या अंदाजावर नाही, वर्षाअखेरच्या प्रत्यक्ष करावर मोजतात.

समजा, टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १,००,००० झाला. मोठं काम नोव्हेंबरात आलं, म्हणून जूनपर्यंत ५,००० आणि सप्टेंबरपर्यंत एकूण १५,००० भरले होते. जूनची तूट १०,००० आणि सप्टेंबरची ३०,०००. दरमहा १ टक्क्याने तीन महिन्यांचं व्याज ३०० आणि ९००. काम उशिरा मिळालं, ही सबब इथे चालत नाही. व्यवसायाचं उत्पन्न पहिल्यांदाच सुरू झालं असेल तर मात्र सवलत आहे. डिसेंबरपर्यंत एकूण ७५,००० आणि मार्चपर्यंत उरलेले भरले, तर व्याज १,२०० वरच थांबतं. म्हणून मोठं काम पक्कं होताच अंदाज नव्याने मांडा आणि पुढच्याच हप्त्यात फरक भरा.

ठरावीक व्यवसायांना मिळणारी, उलाढालीचा ठरावीक हिस्सा नफा धरणारी अनुमानित उत्पन्नाची योजना घेतली असेल, तर सगळा कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो. अनियमित कमाईला ही सोय मला सर्वांत सोयीची वाटते.