ग्रेन जुळवणी

ग्रेन जुळवणी म्हणजे दुसऱ्या फोटोतून आणून चिकटवलेल्या भागाचा दाणा, नॉइज आणि धार मूळ फोटोसारखी करणं. रंग आणि उजेड जुळवूनसुद्धा चिकटवलेलं डोकं फोटोवर तरंगतंय असं वाटतं, ते बहुतेक वेळा याच्यामुळेच. पुण्यात हे काम जास्त येतं ते घरगुती फोटोंचं, वाड्यातल्या जुन्या ग्रुप फोटोत तेव्हा नसलेलं कुणीतरी बसवून द्या म्हणून.

सुरुवात कधीची यावर मतं दोन आहेत. काहीजण थेट 1857 पर्यंत मागे जातात, त्या वर्षी रेयलांडर या फोटोग्राफरने तीसेक निगेटिव्ह जोडून एकच चित्र छापलं आणि पुढच्या वर्षी रॉबिन्सन या दुसऱ्या फोटोग्राफरने पाच निगेटिव्ह वापरल्या. पण ते काम कोलोडियनचा थर दिलेल्या काचेच्या निगेटिव्हचं, त्यांचा दाणा फारच बारीक आणि प्रिंट काचेएवढीच निघायची, त्यामुळे जोड उघडा पडायचा तो उजेडामुळे किंवा कडेमुळे, दाण्यामुळे नाही. छोटी फिल्म मोठी करून छापायला लागल्यावर, म्हणजे साधारण 1925 ला लायका हा छोट्या फिल्मचा कॅमेरा बाजारात आल्यानंतर, दाण्याचा प्रश्न खरा उभा राहिला हे जास्त पटतं.

फिल्मचा दाणा आणि मोबाईलचा नॉइज एकसारखे नसतात. मोबाईलमध्ये नॉइज अंधाऱ्या भागात जास्त दिसतो कारण तिथे सेन्सरला प्रकाशच कमी मिळालेला असतो. निगेटिव्हवरून काढलेल्या ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटमध्ये दाणा मधल्या करड्या छटांत उठून दिसतो, गडद काळ्यात आणि कागदाच्या पांढऱ्यात जवळजवळ नाहीसाच होतो.

एक उदाहरण घेऊ. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या चौकात काढलेला सत्तरच्या दशकातला ग्रुप फोटो स्कॅन केलाय, त्यात आजींचा मोबाईलवरचा फोटो बसवायचाय. ग्रुपमधली डोकी 180 पिक्सेल उंच आणि आजींचं 1200, म्हणजे तो फोटो 15 टक्क्यांवर आणावा लागतो. लहान करताना शेजारचे पिक्सेल एकत्र होतात, नॉइज जवळजवळ जातो आणि कडा मात्र कडक होतात, म्हणून आधी आकार, मग छटा, मग धार आणि सगळ्यात शेवटी दाणा, हा क्रम बदलायचा नाही.

धार मोजायला Photoshop मध्ये 200 टक्क्यांवर झूम करून शेजारच्या काकांची पांढरी कॉलर आणि काळा कोट यांच्यामधली कड बघायची. पांढऱ्यातून काळ्यात जायला तिथे 5 पिक्सेल लागतात आणि आजींच्या पदराच्या काठाला 2. आजींची कड तेवढीच मऊ करायला किती ब्लर द्यायचा ते साधी वजाबाकी करून मिळत नाही, वर्गांची वजाबाकी लागते:

```
√(5² − 2²) ≈ 4.6
4.6 ÷ 2.56 ≈ 1.8
```

म्हणजे Gaussian Blur ची रेडियस साधारण 1.8. (2.56 ने भागायचं कारण ब्लरचा आकडा आणि कडेची दिसणारी रुंदी यांचं नातं तसं आहे.) शेवटचा निर्णय डोळ्यानेच करायचा, पण सुरुवात इथून केली की अंदाजपंचे फिरावं लागत नाही.

दाण्यासाठी मूळ फोटोतला मागच्या भिंतीचा सपाट करडा तुकडा सिलेक्ट करायचा आणि Histogram पॅनलमधला Std Dev, म्हणजे त्या तुकड्यातल्या पिक्सेलच्या छटा किती कमी-जास्त होतात तो आकडा, वाचायचा, तिथे छोटा त्रिकोण दिसला तर त्यावर क्लिक करून आकडा ताजा करून घ्यायचा नाहीतर तो चुकीचा येतो. समजा भिंतीवर 6 आला आणि आजींच्या गालावर, साधारण तेवढ्याच छटेच्या सपाट जागी, 1.5. मग 50 टक्के करड्या रंगाचा नवा लेयर फक्त आजींपुरता क्लिप करून, Overlay वर ठेवून त्यात Add Noise द्यायचा, Gaussian आणि Monochromatic लावून. Overlay मुळे दाणा मधल्या छटांत पूर्ण आणि दोन्ही टोकांना कमी लागतो, प्रिंटमध्ये असतो तसाच. पण हा नॉइज एकेका पिक्सेलचा असतो आणि स्कॅनमधला दाणा दोन-तीन पिक्सेलचा पुंजका, म्हणून त्याच लेयरवर 0.7 चा ब्लर द्यायचा. त्याने नॉइजची ताकद सुमारे 40 टक्क्यांवर येते, तेव्हा आधी बराच जास्त द्यायचा आणि गालावरचा आकडा 6 च्या आसपास येईपर्यंत कमी-जास्त करायचं.

सगळ्या फोटोवर एकदम नॉइज मारला की झालं, असं बरेचजण करतात, त्याने भागत नाही. 5 चा नॉइज सगळीकडे दिला तर मूळ भाग 7.8 वर जातो आणि चिकटवलेला 5.2 वर, फरक उरतोच आणि वर चांगला फोटो उगाच खराब होतो.

तपासायला वर तात्पुरता Curves लेयर टाकून रेषा एकदम उभी करायची, दाण्यातला फरक लगेच दिसतो.

सिल्क पेपरवरच्या जुन्या प्रिंटला मात्र ही पद्धत लागू पडत नाही. स्कॅनमध्ये कागदाची जाळी येते, ती ठराविक अंतराने परत येते आणि नॉइज टाकून तशी जाळी तयार होत नाही. तिथे त्याच फोटोच्या मोकळ्या भिंतीवरून जाळी उचलून चेहऱ्यावर बसवावी लागते, ओळी तंतोतंत पुढे जातील अशी.