क्लिप पाहणाऱ्याला पूर्ण वेबिनारच्या नेमक्या मिनिटावर कसं न्यायचं?
वेबिनार रेकॉर्डिंग आणि क्लिपचं काम आमच्याकडे देणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक (लातूर कार्यालय)

दीड-दोन तासांच्या वेबिनारमधून आम्ही तुम्हाला मिनिटभराच्या आठ-दहा क्लिप काढून देतो. क्लिपसोबत एक छोटी नोंदही येते: शीर्षक, वर्णन, मूळ रेकॉर्डिंगची लिंक आणि त्या लिंकमधला सेकंदांचा आकडा. बरेच जण क्लिप घेतात आणि नोंद तशीच ठेवून देतात. ती कशासाठी असते, हे आमच्याच एका चुकीवरून सांगतो.

गेल्या हंगामात पेरणीच्या तोंडावर एका कृषी सल्लागारांचा सोयाबीनवर वेबिनार झाला. रेकॉर्डिंग १ तास ५२ मिनिटं १० सेकंदांचं. एका शेतकऱ्याने घरच्या बियाण्याबद्दल विचारलं, तो प्रश्न ४२:१५ ला सुरू झाला आणि त्यावर सरांनी उत्तर दिलं. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, उगवण सत्तर टक्के निघाली तर एकरी तीस किलो बियाणं धरा, असं ते उत्तर. ७३ सेकंदांची सुटसुटीत क्लिप झाली. पण सत्तरच्या खाली निघाली तर काय करायचं, हे सर चार मिनिटांनी दुसऱ्या एका प्रश्नात बोलले: बियाणं त्या प्रमाणात वाढवा, ६५ टक्के असेल तर सव्वाबत्तीस किलोच्या आसपास. ते क्लिपमध्ये नव्हतं. म्हणून क्लिप बघणारा पूर्ण रेकॉर्डिंगवर जाणं गरजेचं होतं, तेही बरोबर त्या जागी.

आम्ही ४२:१५ चे सेकंद केले. ४२ गुणिले ६० अधिक १५, म्हणजे २५३५. यूट्यूबच्या `youtu.be` लिंकला शेवटी `?t=2535` जोडलं, लिंक क्लिपच्या वर्णनात टाकली, क्लिप गेली. तिसऱ्या दिवशी सल्लागारांचा फोन आला, “अहो, तुमची लिंक दाबली की तणनाशकाचं चालू होतंय!”

झालं असं होतं की सुरुवातीची ६ मिनिटं ४० सेकंद नुसतं “आवाज येऊलालाय का सगळ्याला?” चाललं होतं. क्लिप गेल्यावर आम्हीच ते यूट्यूबच्या एडिटरमध्ये कापलं. कापल्यावर व्हिडिओचा पत्ता तोच राहतो, लिंक तुटत नाही, त्यामुळे काही बिघडलंय हे कुणाच्या ध्यानात येत नाही. पण आतली प्रत्येक गोष्ट ४०० सेकंद अलीकडे सरकते. उगवण चाचणी आता २१३५ व्या सेकंदाला, म्हणजे ३५:३५ ला होती. जुनी लिंक मात्र २५३५ वरच नेत होती, आणि तिथे तणनाशकाचा प्रश्न चालू होता. तुटलेली लिंक बरी, निदान लगेच कळते.

तेव्हापासून आमचा क्रम ठरलेला आहे. आधी पूर्ण रेकॉर्डिंगची काटछाट, ती प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत थांबायचं (मोठ्या व्हिडिओला कधी कधी काही तास लागतात), मगच वेळा मोजायच्या. तुमच्याकडून एकच मागणं: आम्ही नोंद दिल्यावर मूळ व्हिडिओला परस्पर कात्री लावू नका. लावायचीच असेल तर किती सेकंद कापले ते कळवा. सुरुवातीचा भाग कापला असेल तर सगळ्या क्लिपमधून तो एकच आकडा वजा होतो. मधला भाग कापला असेल तर फक्त त्यापुढच्या क्लिपमधून.

लिंक आम्ही उत्तरावर न नेता आठ-दहा सेकंद आधी, प्रश्नावर नेतो. पाहणाऱ्याला ओळखीचं वाक्य ऐकू आलं की आपण योग्य जागी आलो हे पटतं. क्लिप जिथे संपते तिथून पुढे सुरू करावं असंही काही जण सुचवतात. आम्हाला ते पटत नाही. माणूस एकदम मधेच जाऊन पडतो.

उभी क्लिप दिली तर आणखी एक अडचण येते. तीन मिनिटांपर्यंतचा उभा किंवा चौकोनी व्हिडिओ यूट्यूबवर शॉर्ट म्हणून जातो, आणि ऑगस्ट २०२३ अखेरपासून शॉर्टच्या वर्णनातली लिंक दाबता येत नाही. तिथे यूट्यूब स्टुडिओमध्ये `Related video` म्हणून पूर्ण रेकॉर्डिंग जोडावं लागतं. त्यात मिनिट-सेकंद देता येत नाही, माणूस रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच पोहोचतो. त्याला पुढची वाट दाखवायला पूर्ण रेकॉर्डिंगच्या वर्णनात प्रकरणांच्या वेळा हव्यात:

```
0:00 ओळख आणि आजचे विषय
12:20 पेरणीआधी पाऊस किती हवा
35:35 घरच्या बियाण्याची उगवण चाचणी
42:05 तणनाशक कधी मारायचं
```

पहिली ओळ `0:00` चीच हवी, किमान तीन प्रकरणांच्या वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि कुठलंही प्रकरण दहा सेकंदांपेक्षा लहान नको. नाहीतर यूट्यूब प्रकरणं पाडतच नाही. क्लिपचं शीर्षक आणि प्रकरणाचं नाव आम्ही शब्दशः एकच ठेवतो. “भाग ३” असं नाव दिलेली क्लिप बघून आलेला माणूस या यादीत काय शोधणार?

आपल्याकडे खरी फिरती व्हॉट्सॲपवर. औशाच्या गटातून क्लिप उदगीरच्या गटात जाते, तोवर वर्णन, शीर्षक सगळं मागे राहिलेलं असतं. फाइलच्या आत पत्ता लिहून ठेवता येतो, आम्ही लिहितोही, पण व्हॉट्सॲप व्हिडिओ पुन्हा दाबून लहान करतं. त्यात आतली नोंद टिकेल याचा भरवसा धरू नका. म्हणून पत्ता चित्रावरच छापतो, वरच्या भागात, कारण शॉर्टमध्ये खालचा भाग शीर्षकाने आणि उजवी कड बटणांनी झाकली जाते. क्यूआर कोड टाका, असा आग्रह खूप जण धरतात. ज्या फोनवर क्लिप चालू आहे त्याच फोनने तो स्कॅन कसा करायचा, हे मात्र कुणी सांगत नाही.

छापलेला पत्ता यूट्यूबचा नसतो, तुमच्या संकेतस्थळावरचा छोटा पत्ता असतो, उदाहरणार्थ `example.com/b7`. तो पुढे `t=2135` असलेल्या लिंकवर वळवलेला असतो. उद्या वेळ बदलली तर एका जागी आकडा बदलला की झालं. गटागटांत फिरणाऱ्या शेकडो प्रतींना हात लावायची गरज नाही. तुमचं संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला एवढंच सांगा की वळण `302` प्रकारचं ठेवा. `301` म्हणजे कायमचं वळण. ते ब्राउझर लक्षात ठेवतो, आणि तुम्ही आकडा बदलला तरी जुन्या माणसाला जुन्याच जागी नेऊ शकतो.

पूर्ण रेकॉर्डिंग तुमच्या संकेतस्थळाच्या पानावरही असेल, तर त्या पानाच्या कोडमधल्या, व्हिडिओची माहिती गूगलला सांगणाऱ्या `VideoObject` मध्ये प्रत्येक क्लिपची अशी नोंद जाते:

```json
"hasPart": [{
  "@type": "Clip",
  "name": "घरच्या बियाण्याची उगवण चाचणी",
  "startOffset": 2135,
  "endOffset": 2208,
  "url": "https://example.com/soyabean?t=2135"
}]
```

हे वाचून गूगल शोधनिकालात व्हिडिओखाली महत्त्वाचे क्षण दाखवू शकतं. दाखवेलच असं नाही, आणि तसं वचन आम्ही देत नाही. `url` त्याच पानाचा हवा आणि तो उघडल्यावर व्हिडिओ खरोखर २१३५ व्या सेकंदापासून सुरू व्हायला हवा. चुकतं ते बहुतेक वेळा इथेच: लिंकमध्ये आकडा असतो, पण पानावरचा प्लेअर तो वाचत नाही आणि व्हिडिओ शून्यापासून सुरू होतो.

नोंद हातात आल्यावर प्रत्येक छोटा पत्ता स्वतःच्या फोनवर, व्हॉट्सॲपमधून दाबून बघा. पहिल्या पाच सेकंदांत क्लिपमधलाच प्रश्न ऐकू आला पाहिजे. नाही आला तर क्लिपचा नंबर आणि जे ऐकू आलं ते वाक्य आम्हाला पाठवा. कुठे किती सरकलंय ते त्यावरून काढता येतं.