नऊ ब्रेक पॉइंट, दोन ब्रेक आणि एक वही

विश्रामबागेतल्या टेनिस कोर्टवरून घरी येताना दाजी गाडीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "नऊ संधी आल्या, दोनच घेतल्या. ऐन वेळी हात आखडतो हिचा." मागच्या सीटवर माझी चौदा वर्षांची भाची खिडकीबाहेर बघत गप्प बसली होती. मिरजेच्या एका डावखुऱ्या मुलीकडून ती ४-६, ४-६ अशी हरली होती. ब्रेक पॉइंट म्हणजे समोरचीच्या सर्व्हिसचा गेम जिंकायला एकच पॉइंट उरलेला असणं, आणि तो गेम जिंकला की झाला ब्रेक. समोरच्या मुलीने सहापैकी चार ब्रेक पॉइंट घेतले, हिने नऊपैकी दोन. टक्केवारी काढली तर ६७ विरुद्ध २२. हे आकडे ऐकून कुणीही म्हणेल की ही दडपणाखाली हरली.

मी तिच्या सामन्यांची वही ठेवतो. प्रत्येक पॉइंटला एक खूण करायची. सर्व्ह कुणाची, पहिली की दुसरी, कोर्टच्या कुठल्या बाजूला आणि पॉइंट कुणाला, एवढंच त्यात असतं. त्या रात्री वही उघडली आणि दाजींचं म्हणणं पानावर टिकेना.

आधी ते नऊ पॉइंट आले कसे ते पाहू. प्रतिस्पर्धीच्या दहा सर्व्हिस गेमपैकी फक्त चार गेममध्ये ब्रेक पॉइंट आला होता. एका गेममध्ये भाचीने १५-४० वर पहिल्याच फटक्यात गेम घेतला. दुसऱ्यात ०-४० अशी आघाडी होती, दोन पॉइंट गेले आणि तिसऱ्यावर सर्व्हिस भेदली. तिसरा गेम लांबला. ड्यूस, म्हणजे ४०-४० अशी बरोबरी, मग हिचा ॲडव्हान्टेज, म्हणजे एका पॉइंटची आघाडी, पुन्हा ड्यूस, असं चार वेळा झालं आणि चारही पॉइंट हातचे गेले. चौथ्यात ३०-४० वर एकच संधी होती, तीही गेली. म्हणजे चार गेममध्ये संधी आली आणि त्यातले दोन गेम तिने जिंकले. गेमच्या हिशेबाने हे निम्मं यश आहे, पण टक्केवारीत ते २२ दिसतं, कारण एकाच लांबलेल्या गेमने भागाकाराच्या खाली चार आकडे टाकले. ०-४० वरून तिसऱ्या प्रयत्नात घेतलेला गेम आणि पहिल्याच प्रयत्नात घेतलेला गेम स्कोअरबोर्डवर सारखेच. टक्केवारीत मात्र एक ३३ आणि दुसरा १००.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती कोर्टच्या बाजूची आहे. गेमचा पहिला पॉइंट ड्यूस कोर्टात, म्हणजे रिटर्न करणाऱ्याच्या उजव्या बाजूला खेळतात, दुसरा ॲड कोर्टात, म्हणजे डाव्या बाजूला, आणि मग आलटून पालटून. आता मोजून बघा. ०-४० वर तीन पॉइंट झालेले असतात, म्हणून चौथा ॲड कोर्टात. ३०-४० वर पाच झालेले, सहावा ॲड कोर्टात. ड्यूसनंतरचा ॲडव्हान्टेजचा पॉइंटही नेहमी तिथेच. फक्त १५-४० हा ब्रेक पॉइंट ड्यूस कोर्टात येतो. भाचीच्या नऊपैकी सात ॲड कोर्टात होते.

आणि समोर डावखुरी मुलगी होती! डावखुऱ्याचा स्लाइस सर्व्ह ॲड कोर्टात पडला की रिटर्न करणाऱ्याच्या डावीकडे, कोर्टच्या बाहेर निघून जातो. उजव्या हाताने खेळणाऱ्याला तो ताणून बॅकहँडनेच घ्यावा लागतो. वहीत ते स्पष्ट दिसत होतं. भाचीने ड्यूस कोर्टात ३६ पैकी १७ रिटर्न पॉइंट जिंकले होते, ॲड कोर्टात ३४ पैकी ११. एकीकडे ४७ टक्के, दुसरीकडे ३२. या दराने त्या नऊ ब्रेक पॉइंटपैकी साधारण तीनच तिच्या वाट्याला यायला हवे होते. आले दोन. निव्वळ योगायोगाने दोन किंवा त्याहून कमी येणं असल्या दर तीन सामन्यांत एकदा घडतं. हात आखडला असेलही, पण एवढ्या आकड्यांवरून तसं म्हणता येत नाही.

२००७ च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात फेडररने नदालविरुद्ध १७ पैकी एकच ब्रेक पॉइंट घेतला आणि तो चार सेटमध्ये हरला. इतका कमी आकडा नुसत्या योगायोगाने येणं अवघड आहे. पण त्याला लगेच मनाचा कमकुवतपणा म्हणण्याआधी हे आठवावं की नदाल डावखुरा खेळायचा, फेडररचा बॅकहँड एकहाती होता आणि ब्रेक पॉइंट बहुतेक करून ॲड कोर्टातच येतात. शिवाय १७ संधी मिळवणं हेच चांगल्या रिटर्नचं लक्षण आहे. वाईट रिटर्न करणाऱ्याला वाया घालवायलाही इतक्या संधी मिळत नाहीत.

मग बघायचं काय? मी एकूण रिटर्न पॉइंटपासून सुरुवात करतो. भाचीने ७० पैकी २८ जिंकले, म्हणजे ४० टक्के. समोरचीला आपल्या सर्व्हिसवर ६० टक्के पॉइंट मिळाले तर ती जवळपास ७४ टक्के गेम राखते, हे गणिताने निघतं. म्हणजे दहा गेममध्ये अडीचेक ब्रेक अपेक्षित होते आणि झाले दोन. अर्ध्या गेमचा फरक. यावर रडण्यासारखं काही नाही.

सामना गेला तो दुसऱ्या बाजूला, तिच्या स्वतःच्या सर्व्हिसवर. तिथे तिने ६४ पैकी ३४ पॉइंट जिंकले, म्हणजे ५३ टक्के. या दराने दहातले पावणेसहा गेम राखले जातात आणि तिने सहा राखले. म्हणजे चार ब्रेक खाल्ले त्यात दैव आड आलं नव्हतं, सर्व्हिसच तेवढी होती. ते ६४ पॉइंट आणखी फोडले तर पहिली सर्व्ह ३८ वेळा आत पडली आणि त्यावर २४ पॉइंट मिळाले, ६३ टक्के, चांगलंच. दुसऱ्या सर्व्हवर मात्र २६ पैकी फक्त १०, त्यात सात डबल फॉल्ट, म्हणजे दोन्ही सर्व्ह चुकून फुकट गेलेले पॉइंट. दुसऱ्या सर्व्हवर दहाऐवजी तेरा मिळाले असते तर एकूण दर ५८ टक्क्यांवर गेला असता आणि राखलेले गेम सात झाले असते. तीन पॉइंटला एक गेम! पॉइंटमधला थोडा फरक गेममध्ये असा फुगतो, म्हणून हा आकडा बघायचा.

हे सगळं गणित प्रत्येक पॉइंट दुसऱ्यापासून वेगळा धरून केलेलं आहे. क्लासेन आणि मॅग्नस या दोन संशोधकांनी विम्बल्डनच्या १९९२ ते १९९५ मधल्या जवळपास ९० हजार पॉइंटवरून तपासलं, तेव्हा हे गृहीतक काटेकोरपणे खरं नसलं तरी त्यातला फरक लहान असल्याचं त्यांना दिसलं. दडपण असतंच. पण एखाद्या खेळाडूत ते शोधायचं तर ब्रेक पॉइंटचा दर त्याच बाजूच्या इतर रिटर्न पॉइंटच्या दराशी ताडून बघावा लागतो आणि त्यासाठी दोनशेक ब्रेक पॉइंट तरी हवेत. दोनशे जमले तरी साडेतीन टक्के इकडेतिकडे होणं साहजिक असतं. नऊवर तोच खेळ सोळा टक्क्यांचा होतो. भाचीच्या वेगाने दोनशे जमायला वीसेक सामने लागतील.

दाजींना मी वहीचं पान दाखवलं. त्यांनी बोटाने आडव्या ओळी मोजल्या, "सात डबल फॉल्ट?" असं दोनदा विचारलं आणि मग आत जाऊन लेकीला जेवायला हाक मारली.

आता सकाळी ती बादलीभर चेंडू घेऊन फक्त दुसरी सर्व्ह मारते, नेटच्या बरीच वरून, फिरकी देऊन. शेवटच्या वीस मिनिटांत मी डाव्या हाताने तिच्या ॲड कोर्टात सर्व्ह करतो. माझी डावी सर्व्ह काही मिरजेच्या मुलीसारखी नाही, पण चेंडू बाहेर पळतो तेवढा पळतो. पहिल्या दिवशी ती बेसलाइनच्या मागे थांबून ताणत होती. परवापासून अर्धं पाऊल डावीकडे आणि एक पाऊल पुढे उभी राहते, चेंडू पळायच्या आत घेते. वहीत त्याचा वेगळा रकाना आखला आहे.