रंग काढायच्या आधी हे वाचा : ट्रेंडचा रंग आणि टिकणारा रंग

नमस्कार. आम्ही नाशिकमध्ये घरं रंगवतो. घर भाड्याने द्यायचं किंवा दोन वर्षांत विकायचं असेल तर हे बाजूला ठेवा, हे स्वतःच्या घरात दहा-पंधरा वर्षं राहायचंय त्यांच्यासाठी आहे.

सध्या लोक मोबाईलमध्ये फोटो दाखवतात आणि म्हणतात, सेम टू सेम असा पाहिजे. पॅन्टोन नावाची कंपनी दरवर्षी एक 'कलर ऑफ द इयर' जाहीर करते. 2021 ला त्यात ग्रे होता आणि सोबत पिवळा, 2024 ला पीच, 2025 ला चॉकलेटी ब्राऊन. म्हणजे चार-पाच वर्षांत गाडी कुठून कुठे गेली बघा, आणि आपला हॉल एकदा रंगवला की साधारण पाच-सात वर्षं आपण परत हात लावत नाही. रंग वाईट नसतो हो, पण तो फोटोतल्या घरासाठी निवडलेला असतो, तिथली फरशी वेगळी, उजेड वेगळा.

इंदिरानगरच्या एका ताईंचं उदाहरण सांगतो. टूबीएचके, खाली क्रीम व्हिट्रिफाइड टाइल्स, दारं सागवानी सनमायकाची. त्यांना हॉलला ग्रे हवा होता, शेडकार्डवर तो एकदम साधा, सौम्य करडा दिसत होता. आम्ही म्हटलं आधी सॅम्पल लावू. लावला, दिवसा ठीक वाटला आणि संध्याकाळी ट्यूब लावली तर भिंत चक्क जांभळट! ताई म्हणाल्या, "अहो, तुम्ही डबा चुकीचा आणलात." डबा बरोबरच होता. त्या ग्रेमध्ये निळसर झाक होती, आणि पिवळसर फरशीच्या शेजारी करडा रंग डोळ्याला आणखी निळा-जांभळा दिसतो, त्यात पांढरीशुभ्र ट्यूब म्हणजे भर.

ही झाक आधी ओळखायची युक्ती सोपी आहे. शेडकार्डच्या एका पट्टीवर फिकट ते गडद शेड असतात, तर तुम्हाला आवडलेला फिकट शेड सोडा आणि त्याच पट्टीतला सगळ्यात खालचा, गडद शेड बघा. तो निळा, हिरवा, गुलाबी जो दिसेल तीच झाक फिकट शेडमध्ये लपलेली असते. मग ते कार्ड झेरॉक्सच्या कोऱ्या कागदावर ठेवून बघा आणि मग थेट तुमच्या फरशीवर ठेवा. फरशी, ओट्याचा ग्रॅनाइट, दारं, खिडक्यांच्या फ्रेम या गोष्टी तुम्ही बदलणार नाही, रंगाने त्यांच्याशी जमवून घ्यायचंय, त्यांनी रंगाशी नाही. जो रंग यांच्याशी जुळतो तो सहसा टिकतो, आणि ज्याच्यासाठी नवीन सोफा, नवीन पडदे, नवीन लाइट घ्यावे लागतील असं वाटतं तो बहुतेक फोटोतला आहे.

सॅम्पल थेट भिंतीवर नको, कारण जुना रंग शेजारी असला की नवा फसवतो. दोन बाय दोन फुटाच्या जाड पांढऱ्या कार्डशीटवर दोन कोट मारा, कडेने पांढरी पट्टी सोडा, आणि स्कर्टिंगच्या वर चिकटपट्टीने लावा. खिडकीच्या समोर, मग खिडकीच्या भिंतीवर. सकाळी, दुपारी, रात्री ट्यूबखाली बघा, पश्चिमेची खिडकी असेल तर पाचनंतर नक्की. आणि आठ-दहा दिवस राहू द्या! तिसऱ्या दिवशी नजर जाणं बंद झालं पण खटकत नसेल तर तो चांगला संकेत, रोज "वा" वाटणारा रंग आम्हाला जरा संशयास्पदच वाटतो.

ताईंनी शेवटी हॉलला मातकट झाक असलेला ऑफव्हाइट घेतला. पण ग्रेची हौस होतीच, मग बेडरूमची पलंगामागची एक भिंत ग्रे केली, तिथे वॉर्म लाइट आहे त्यामुळे ती जांभळी होत नाही. दहा बाय बारा फुटाची भिंत, म्हणजे 120 स्क्वेअर फूट, दोन कोटला साधारण एक ते दोन लिटर रंग. कंटाळा आला की एवढीच बदलायची. फक्त एक लक्षात ठेवा, गडद भिंत परत फिकट करायची तर मध्ये एक प्रायमर लागतो, नाहीतर खालचा रंग डोकावतो. आणि ट्रेंड म्हणून टेक्स्चर करून घेत असाल तर दोनदा विचार करा, रंगावर रंग जातो पण टेक्स्चर घासून काढून परत पुट्टी मारावी लागते, ती धूळ आठवडाभर घरात.

काम झालं की शेडचा कोड, कंपनी, फिनिश आणि तारीख आम्ही मीटरबॉक्सच्या दाराच्या आतून लिहून देतो. आमच्याकडून काम नाही केलं तरी स्वतः लिहून ठेवा, चार वर्षांनी टचअपला डब्याचं झाकण शोधत बसायला नको.